वसुलीवाला सासूबाईंना शिव्या देतो, तक्रार कुणाकडे करू?

*नमस्कार ताई,*

*मी मानेवाड्याला राहतो. बुटीबोरीच्या कंपनीत होतो, सप्टेंबरात काम सुटलं. जानेवारी 2025 मध्ये एका फायनान्स कंपनीकडून 1,20,000 रुपयांचं पर्सनल लोन घेतलं होतं, हप्ता 6,100 चा. ऑक्टोबरपासूनचे तीन हप्ते थकले. वसुलीचा माणूस मला फोन करतो ते समजू शकतो. पण आता तो बायकोला, अमरावतीच्या बहिणीला आणि सासूबाईंना फोन करून राहिला आहे. सासूबाईंना रात्री साडेनऊला फोन करून म्हणाला, "जावई चोर आहे तुमचा, पैसे नसतील तर पोरीला धंद्याला बसवा." कस्टमर केअरला दोनदा सांगितलं. तिकीट नंबर देतात, फोन सुरूच. कंपनीच्या वरच्या साहेबांकडे तक्रार करावी म्हणतो, पण थकबाकीदार मीच, माझं कोण ऐकणार? आणि चिडून त्यांनी केस टाकली तर?*

*— एक वाचक, नागपूर*

---

तुमचं ऐकावंच लागेल, कारण तुम्ही मागणार आहात ती मेहेरबानी नाही. रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 ला बँका आणि फायनान्स कंपन्यांना परिपत्रक काढून बजावलं आहे की वसुलीसाठी कुणालाही शिवीगाळ करायची नाही, धमकवायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. कर्जदाराच्या घरच्यांच्या, मित्रांच्या आणि अर्जात रेफरन्स म्हणून ज्यांची नावं दिली त्यांच्या खाजगी आयुष्यात शिरायचं नाही. वारंवार फोन करून हैराण करायचं नाही आणि कर्जदारालासुद्धा सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. "हप्ते नियमित भरणाऱ्यालाच हे संरक्षण" असं त्यात कुठेही नाही. नियमच मुळी थकलेल्या कर्जाच्या वसुलीबद्दल आहे.

एक बारकावा लक्षात ठेवा, कारण कंपनीचं उत्तर बहुधा इथूनच येईल. "आमचा प्रतिनिधी ठरलेल्या वेळेतच फोन करतो" असं ते लिहितील. वेळेचं बंधन तुम्हाला केलेल्या फोनचं आहे. सासूबाईंना दुपारी 12 वाजता फोन करून तेच बोलला असता तरी ते तितकंच नियमबाह्य ठरलं असतं. म्हणून तक्रारीचा सगळा भार "रात्री साडेनऊ" वर टाकू नका. मुख्य मुद्दा हा की ज्यांनी कर्जावर सही केली नाही, जे जामीनदार नाहीत, त्यांना फोन करून अपमान केला. (बहीण किंवा बायको सहकर्जदार किंवा जामीनदार नाहीत ना, हे करारात आधी पाहून घ्या. असतील तर पैशाबद्दल त्यांना विचारता येतं, शिव्या मात्र तरीही देता येत नाहीत.)

आता तक्रार कुणाकडे. "मोठे साहेब" म्हणजे थेट मॅनेजिंग डायरेक्टर असं आपल्याला वाटतं, पण कागदोपत्री तुमचा पहिला माणूस वेगळा आहे. फायनान्स कंपनीत तक्रार निवारण अधिकारी असतो आणि ज्या कंपनीविरुद्धची ग्राहकांची तक्रार रिझर्व्ह बँकेचा लोकपाल ऐकतो, अशा कंपनीच्या मुख्यालयात त्याच्याही वर प्रिन्सिपल नोडल ऑफिसर असतो. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालासमोर कंपनीच्या वतीने उत्तर देण्याची जबाबदारी याचीच. उद्या प्रकरण तिथे गेलं तर आपल्यालाच उभं राहायचं आहे, हे त्याला ठाऊक असतं. कस्टमर केअरच्या मुलाला त्याचं काही देणंघेणं नसतं. तुमचा फोन निपटवून तिकीट बंद करणं एवढंच त्याचं काम, आणि तुमच्या दोन तिकिटांचं नेमकं तेच झालं आहे. ते नंबर फेकू नका, तक्रारीत कामाला येतील.

अधिकाऱ्याचा पत्ता शोधायला फार लांब जावं लागणार नाही. तुमचं कर्ज 1 ऑक्टोबर 2024 नंतर मंजूर झालेलं आहे. त्या तारखेपासून अशा कर्जांसोबत कंपनीला "की फॅक्ट स्टेटमेंट" नावाचा कागद द्यावाच लागतो. व्याजदर आणि हप्त्यांच्या तक्त्याखाली त्याचा दुसरा भाग असतो, जो कुणी वाचत नाही. वसुली एजंट नेमण्याबद्दल करारात कोणतं कलम आहे आणि तक्रार अधिकाऱ्याचा फोन-ईमेल काय, हे तिथे लिहिलेलं असतं. कर्ज ॲपवरून घेतलं असेल तर हा कागद ईमेलमध्ये पडला असेल. नाही सापडला तर कंपनीच्या वेबसाईटवर अगदी तळाशी तक्रार निवारणाचं पान असतं, तिथे नोडल ऑफिसरचं नाव मिळेल.

तक्रार त्याच्या नावे करा आणि प्रत मॅनेजिंग डायरेक्टर व कंपनी सेक्रेटरीला पाठवा. सेक्रेटरी का, तर संचालक मंडळापुढे काय जायचं याचे कागद त्याच्या हातून फिरतात. वसुलीचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं म्हणून कंपनीची, तिच्या संचालक मंडळाची आणि वरिष्ठ व्यवस्थापनाची जबाबदारी कमी होत नाही, असं रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. तेव्हा "तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे" हे उत्तर चालत नाही.

"तो नंबरच आमच्याकडचा नाही" हे उत्तर मात्र चालू शकतं, आणि बहुतेक तक्रारी इथेच मरतात. हे लोक स्वतःच्या सिमवरून फोन करतात, आठवड्याला नंबर बदलतात, नाव सांगतात ते खरं नसतं. मग त्याला कंपनीशी बांधायचं कसं? त्याने काय काय उघड केलं ते बघा. तुमचा लोन नंबर त्याने सांगितला का? थकलेली रक्कम रुपयापर्यंत बरोबर सांगितली का? फोन ठेवल्यावर पैसे भरायची लिंक पाठवली का, आणि ती लिंक कंपनीच्याच वेबसाईटची आहे का? असा एक जरी मेसेज असेल तर तो जपून ठेवा. बाहेरच्या माणसाला हे कळणं शक्य नाही. त्यामुळे एकतर तो कंपनीचा आहे, नाहीतर कंपनीने तुमची माहिती बाहेर जाऊ दिली. दोन्ही उत्तरं कंपनीला अडचणीची आहेत, आणि तक्रारीत हे सरळ लिहा.

आणखी एक. कर्ज ॲपवरून घेतलं असेल, तर ॲपने तुमच्या फोनमधली नंबरांची यादी उचलायची नाही असा नियम 2022 पासून आहे. तुम्ही अर्जात सासूबाईंचा नंबर दिलाच नसेल, तर तो त्यांच्याकडे आला कुठून, हा प्रश्न विचारायलाच हवा. शिवाय ॲपवरच्या कर्जात एजंटने फोन करण्याआधी त्याची माहिती ईमेल किंवा मेसेजने तुम्हाला कळवायची असते. तसा मेसेज आला नसेल तर तेही लिहा.

पुराव्याचं बोलू. आजच बसा आणि तिघींच्या फोनमधल्या कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असे. जुने कॉल यादीतून आपोआप निघून जातात, म्हणून आजच. व्हॉट्सॲपचे मेसेज आणि आवाजाच्या नोट्स रागाच्या भरात डिलीट करू नका, आणि ज्या फोनवर आल्या तो फोनही विकू नका. सासूबाईंकडे बटणांचा फोन असेल तर रेकॉर्डिंग होणार नाही. अशा वेळी स्पीकरवर टाकून दुसऱ्या फोनने रेकॉर्ड करायचं. तेही जमलं नाही तर फोन ठेवल्या ठेवल्या वहीत तारीख, वेळ, नंबर आणि त्याचे शब्द लिहून ठेवायचे. अशा लगेच केलेल्या नोंदीला वजन असतं.

त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. माणसं इथे लाजतात आणि "अत्यंत अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली" असं लिहून मोकळी होतात. तक्रार वाचणाऱ्या माणसापुढे दिवसभर असलीच वाक्यं येतात, त्याला त्यातून काही बोध होत नाही. "पोरीला धंद्याला बसवा" हे पाच-सहा जणांनी वाचलं की विषय बदलतो. सासूबाईंना आधी विचारा मात्र. त्यांच्याबद्दलचा कागद आहे, त्यांना न सांगता जायला नको.

तक्रारीचा मसुदा देते. मराठीत लिहिली तरी चालते, पण मुख्यालय महाराष्ट्राबाहेर असेल तर सोबत इंग्रजी प्रत जोडा, म्हणजे "भाषांतरासाठी पाठवली आहे" म्हणून दोन आठवडे जाणार नाहीत.

> प्रति, प्रिन्सिपल नोडल ऑफिसर
> प्रत: मॅनेजिंग डायरेक्टर, कंपनी सेक्रेटरी
>
> विषय: कर्जखाते क्र. ____ : वसुली एजंटने कुटुंबीयांना केलेल्या शिवीगाळीबद्दल लेखी तक्रार
>
> महोदय,
>
> मी वरील खात्याचा कर्जदार आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरचे तीन हप्ते थकले आहेत, हे मला मान्य आहे. त्याबद्दल वेगळा अर्ज दिला आहे. ही तक्रार फक्त वसुलीच्या वागणुकीबद्दल आहे.
>
> दि. 4 डिसेंबरला रात्री 9.32 वाजता ____ या नंबरवरून माझ्या सासूबाईंना फोन आला. बोलणारा म्हणाला: "जावई चोर आहे तुमचा, पैसे नसतील तर पोरीला धंद्याला बसवा." त्याच माणसाने दि. ____ रोजी माझ्या बहिणीला ____ असे म्हटले. सर्व फोनची यादी सोबत जोडली आहे. माझी पत्नी, बहीण व सासूबाई यांपैकी कुणीही सहकर्जदार किंवा जामीनदार नाही.
>
> बोलणाऱ्याने माझा खाते क्रमांक व थकलेली रक्कम अचूक सांगितली आणि फोननंतर आपल्या कंपनीची पैसे भरण्याची लिंक पाठवली. कस्टमर केअरला दि. ____ व ____ रोजी कळवले (तिकीट क्र. ____, ____). फोन थांबले नाहीत. हे वर्तन रिझर्व्ह बँकेच्या वसुली एजंटांबद्दलच्या नियमांच्या विरुद्ध आहे.
>
> माझ्या मागण्या: या व्यक्तीला माझ्या खात्यावरून तत्काळ काढावे. तिचे नाव व तिच्या एजन्सीचे नाव मला लेखी कळवावे. माझ्या कुटुंबीयांचे नंबर वसुलीच्या नोंदींतून काढल्याचे लेखी द्यावे आणि ते कुठून मिळवले ते सांगावे. वरील सर्व फोनची रेकॉर्डिंग तक्रारीचा निकाल लागेपर्यंत नष्ट करू नयेत. केलेल्या कारवाईचे लेखी उत्तर 30 दिवसांत द्यावे. यापुढे पत्रव्यवहार फक्त माझ्याशी, माझ्या ईमेलवर किंवा ____ या नंबरवर करावा.

एवढं पुरे. यात नोकरी कशी गेली, आईचं औषधपाणी, मुलांची फी हे काही नको. ते खरं आहे, पण ते या कागदात आलं की वाचणारा "हप्त्यात सवलत हवी" अशा खान्यात तक्रार टाकतो. मग तिला उत्तर म्हणून सेटलमेंटची ऑफर येते आणि शिव्यांचा विषय बाजूलाच राहतो. "मला एवढा त्रास झाला, म्हणून व्याज माफ करा" असंही यात लिहू नका. ते लिहिलंत की तुम्ही सौदा करायला आला आहात असं त्यांना वाटतं.

रेकॉर्डिंगची मागणी मात्र काढू नका. एजंटचे फोन बरेचदा कंपनीच्या किंवा एजन्सीच्या यंत्रणेतून रेकॉर्ड होत असतात. ते पुसू नका असं तुम्ही लेखी कळवल्यावर "रेकॉर्डिंग उपलब्ध नाही" म्हणणं त्यांना जड जातं. आणि फोन स्वतःच्या सिमवरून केले म्हणून रेकॉर्डिंगच नाही असं ते म्हणाले, तर कंपनीचं एजंटवर लक्ष नव्हतं याची ती कबुलीच झाली.

ईमेल करा आणि तोच कागद जीपीओतून स्पीड पोस्टानेही पाठवा, पोचल्याची नोंद छापून ठेवा. ज्या दिवशी तक्रार कंपनीला पोचली त्या दिवसापासून 30 दिवस मोजायचे. एजंटला व्हॉट्सॲपवर सुनावलेलं किंवा शाखेत जाऊन भांडलेलं यात धरलं जात नाही.

पहिलं उत्तर बहुधा तीन ओळींचं येईल: "असुविधेबद्दल दिलगीर आहोत, संबंधित प्रतिनिधीला समज देण्यात आली आहे." त्यावर समाधान मानू नका. त्याच ईमेलला उत्तर द्या की कुणाला समज दिली, नंबर काढले का, याचं उत्तर नाही, म्हणून तक्रार सुटलेली नाही. मोठ्या कंपन्यांत अंतर्गत लोकपाल असतो. तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल तर कंपनीने ती स्वतःहून त्याच्यापुढे ठेवायची असते. तुम्ही थेट त्याच्याकडे जाऊ शकत नाही, पण "ही तक्रार अंतर्गत लोकपालाने पाहिली का" एवढा प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारल्यावर फाईल हललेली मी पाहिली आहे.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. आपल्याकडे लोक संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत अर्ज घेऊन जातात. त्या चकरेची गरज नाही. तक्रार cms.rbi.org.in वर नोंदवायची. ऑनलाईन जमत नसेल तर चंदीगडला असलेल्या त्यांच्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते. काही अडलं तर 14448 वर विचारता येतं. फी नाही. वकीलही लागत नाही, किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे घेत नाहीत. कंपनीला केलेली तक्रार, पोचल्याचा पुरावा आणि आलेलं उत्तर जोडा. मुदत संपल्यावर दिरंगाई करू नका.

पोलिसांत जायचं का? सासूबाईंना म्हटलेलं वाक्य इतकं घाण आहे की मी जाईन. स्टेशनवर "हा पैशाचा, दिवाणी मॅटर आहे" असं ऐकवतात. थकलेला हप्ता दिवाणी असेल, स्त्रीच्या अब्रूला हात घालणारं बोलणं नाही. त्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम 79 आहे, धमकीसाठी 351. तक्रार सासूबाई किंवा तुमची पत्नी यांच्या नावे द्या, कारण अपमान त्यांचा झाला. नुसती एनसी घेतली तरी तिची प्रत मागून घ्या आणि नोडल ऑफिसरला पाठवा. पोलीस तक्रारीमुळे लोकपालाचा रस्ता बंद होत नाही. ग्राहक आयोगात मात्र याच मुद्द्यावर आधी गेलात तर तो बंद होतो, म्हणून आयोगाचा विचार नंतर करा.

आता तुमची भीती. चिडून केस टाकतील का? तक्रार केली म्हणून नवी केस उभी राहत नाही. थकलेल्या पैशासाठी लवाद किंवा कोर्टात जाण्याचा त्यांचा हक्क तक्रारीआधीही होता, नंतरही राहील. तक्रारीने तुमचे तीन हप्ते माफ होणार नाहीत, व्याज थांबणार नाही आणि सिबिलवरची नोंदही पुसली जाणार नाही. "उद्या अटक वॉरंट निघेल" असं एजंट सांगतो ते खोटं आहे, हप्ता थकला म्हणून वॉरंट निघत नाही. पण तेवढ्याने निश्चिंतही राहू नका. बँक खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी दिलेली असते, आणि खात्यात पैसे नसल्याने ती परत गेली तर चेक बाउन्ससारखीच फौजदारी तक्रार 2007 च्या पेमेंट कायद्याच्या कलम 25 खाली होऊ शकते. तशी लेखी नोटीस आली तर तिला उत्तर द्यायला उशीर करायचा नाही, आणि तिथे वकील घ्यायचा.

म्हणूनच मसुद्यात "वेगळा अर्ज" म्हटलं आहे, तो खरोखर द्या. तक्रारीच्या आधी, किंवा त्याच दिवशी. त्यात नोकरी गेल्याचं पत्र जोडा, दरमहा किती भरता येईल ते लिहा आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. 6,100 जमत नसतील आणि 2,500 जमत असतील तर 2,500 लिहा. जमणार नाही तो आकडा लिहू नका, कारण कबूल केलेला हप्ता चुकला की पुढच्या अर्जाला किंमत राहत नाही. पैसे भराल ते फक्त कंपनीच्या ॲपमधून किंवा शाखेत पावती घेऊन. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका, तो कर्जखात्यात जमा होईल याची खात्री नाही. आणि कंपनीने "एकरकमी इतके भरा, मिटवून टाकू" असं म्हटलं, तर सिबिलवर "सेटल्ड" अशी नोंद येते आणि पुढचं कर्ज मिळायला ती आडवी येते, हे समजून मगच हो म्हणा.

तोवर फोन येतच राहतील. घरच्या तिघींना एवढंच सांगून ठेवा की फोन आला तर वाद घालायचा नाही, रडायचं नाही. "मी कर्जदार नाही, जामीनदार नाही, हा फोन रेकॉर्ड होतो आहे, तुमचं नाव आणि एजन्सीचं नाव सांगा" इतकं म्हणायचं. नाव सांगितलं तर लिहून घ्यायचं, नाही सांगितलं तर "नाव सांगितलं नाही" असं लिहून फोन ठेवायचा. नंबर ब्लॉक करायची घाई करू नका. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. तक्रार पोचल्यानंतर आलेल्या प्रत्येक फोनची यादी दर आठवड्याला त्याच ईमेलवर नोडल ऑफिसरला पाठवत राहा. तक्रार हातात असूनही फोन थांबवले नाहीत, हे लोकपालापुढे दाखवायला त्याहून चांगला कागद नाही.